बिल दिल्यानंतर जीएसटी नंबर आला तर

प्रश्न: माझे पंचवटीत हार्डवेअरचे छोटे दुकान आहे, उलाढाल सत्तर लाखांच्या आसपास, रिटर्न तिमाही भरतो. सातपूरच्या एका वर्कशॉपवाल्याने १२ ऑगस्ट २०२५ ला रोखीने माल नेला, बिल ‘कॅश’ नावाने फाडले. आता नोव्हेंबरात तो म्हणतो, बिलावर माझा जीएसटी नंबर टाकून द्या. जुने बिल रद्द करून आजच्या तारखेचे नवे दिले तर चालेल का? आणि मुळात बिलावर काय काय असायला हवे?

उत्तर:

आजच्या तारखेचे नवे बिल देऊ नका. जुन्याच बिलावर, त्याच क्रमांकाने आणि त्याच तारखेने, ग्राहकाचे नाव, पत्ता व जीएसटी नंबर घालून द्या आणि तो बदल ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीच्या जीएसटीआर-१ मध्ये दोन ठिकाणी दाखवा. तसे केल्यास तुमच्यावर एक रुपयाही जादा कर येणार नाही आणि त्याचे क्रेडिटही बुडणार नाही. हे कसे करायचे ते पुढे येईलच, पण आधी बिलाची रचना पाहू, कारण दुरुस्ती का करावी लागते हे त्या रचनेतूनच कळते.

तुम्ही दिलेल्या बिलाचा उपयोग दोघांना होतो. तुम्ही किती कर गोळा केला हे सरकारला त्यातून कळते, आणि घेणारा नोंदणीकृत असेल तर तोच कागद दाखवून तो तेवढा कर स्वतःच्या देण्यातून वजा करतो. गंगापूर रोडवरचा घरमालक बाथरूमसाठी नळ नेतो तेव्हा हा दुसरा उपयोग नसतो, म्हणून त्याच्या बिलावर ‘कॅश’ लिहिले तरी काही बिघडत नाही. अशा नोंदणी नसलेल्या ग्राहकाचे बिल ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक करपात्र मूल्याचे असेल तेव्हा मात्र त्याचे नाव, पत्ता आणि राज्य लिहावेच लागते. वर्कशॉपवाल्याच्या बाबतीत हा दुसरा उपयोगच महत्त्वाचा आहे. बिलावर त्याचा नंबर नसेल तर पोर्टलच्या दृष्टीने तो माल त्याने घेतलेलाच नसतो.

तुमच्या त्या बिलाचेच उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरले आहेत, तुमच्या बिलबुकाप्रमाणे बदलून घ्या. समजा त्याने पीव्हीसी पाइप आणि पितळी व्हॉल्व्ह नेले आणि तुम्ही एकूण २३,६०० रुपये घेतले. दोन्ही मालांवर १८ टक्के कर आहे आणि तुमचे भाव करासहित असतात, म्हणून करपात्र मूल्य काढताना २३,६०० चे १८ टक्के करायचे नसतात, तर २३,६०० ला १.१८ ने भागायचे असते. उत्तर २०,००० येते, कर ३,६०० येतो, आणि तो केंद्राचा १,८०० व राज्याचा १,८०० असा दोन वेगळ्या ओळींत दाखवायचा असतो. किमतीचे थेट १८ टक्के काढले तर कर ४,२४८ येईल, आणि ही चूक हाताने बिल लिहिणाऱ्या दुकानांत अजूनही आढळते.

बिलाच्या माथ्यावर तुमच्या दुकानाचे नोंदणीतले नाव, पत्ता आणि जीएसटी नंबर असावा, त्याखाली बिल क्रमांक आणि तारीख. मालाच्या ओळीत वर्णन, नग किंवा मीटर अशा एककासह परिमाण, दर, सूट असल्यास ती, करपात्र मूल्य, कराचा दर आणि कराची रक्कम असावी, आणि शेवटी तुमची किंवा तुमच्या अधिकृत माणसाची सही. तुमची उलाढाल ५ कोटींच्या आत असल्यामुळे नोंदणीकृत ग्राहकाच्या बिलावर एचएसएन कोडचे पहिले चार आकडे पुरतात. प्लास्टिकच्या पाइपचा ३९१७ आणि नळ-व्हॉल्व्हचा ८४८१. किरकोळ ग्राहकाच्या बिलावर तुम्हाला तो कोड छापण्याची सक्ती नाही. ‘हार्डवेअर सामान’ एवढेच वर्णन लिहून आकडा टाकण्याची सवय मात्र सोडून द्या. वर्कशॉपवाल्याकडे तपासणी झाली तर त्या दोन शब्दांवरून त्याला काहीच सिद्ध करता येत नाही.

माल विकताना बिलाच्या तीन प्रती काढायच्या असतात. मूळ प्रत ग्राहकाची, दुसरी माल नेणाऱ्या वाहनाची आणि तिसरी तुमची. काउंटरवरून पिशवीत माल नेणाऱ्यासाठी वाहनाची प्रत बहुतेक दुकानदार काढत नाहीत, पण टेम्पोने माल जाणार असेल तेव्हा ती टेम्पोतच असू द्या.

सुटीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण हार्डवेअरच्या काउंटरवर घासाघीस झाल्याशिवाय बिल होत नाही, म्हणून सांगतो. समजा त्या मालाची मूळ किंमत २४,६०० होती आणि शेवटी तुम्ही १,००० रुपये सोडले. अनेक जण २४,६०० वरच कर काढतात, म्हणजे करपात्र मूल्य २०,८४७.४६ आणि कर ३,७५२.५४ लिहितात, आणि अगदी तळाशी ‘वजा १,०००’ असे लिहून २३,६०० घेतात. ग्राहकाच्या हातात तीच रक्कम पडते, पण तुमच्या बिलावर कर १५२ रुपये ५४ पैशांनी जास्त लिहिला जातो. बिलावर कर म्हणून जो आकडा लिहिला, तो सरकारकडे भरावाच लागतो, सूट नंतर दिली होती हे सांगून त्यातून सुटका होत नाही. म्हणून सूट मालाच्या ओळीत, कर काढण्यापूर्वी वजा करा. करासहित १,००० म्हणजे करापूर्वीचे ८४७.४६ रुपये. ते वजा केले की करपात्र मूल्य बरोबर २०,००० होते. बिलांमागून बिले अशी तळाशी सूट देऊन फाडली तर वर्षाअखेर ही गळती किती होते ते तुमच्याच बुकातून एकदा बेरीज करून पाहा.

आता ग्राहकाच्या नंबराकडे येऊ. त्याने नंबर व्हॉट्सॲपवर पाठवला असेल तर तो तसाच उतरवून घेऊ नका. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्याचा पॅन, त्यातली पहिली पाच इंग्रजी अक्षरे, मग चार आकडे, मग एक अक्षर. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांची गल्लत झाली असेल तर कोणत्या जागी अक्षर हवे आणि कोणत्या जागी आकडा हे माहीत असल्याने ती लगेच पकडता येते. संपूर्ण नंबरातले सहावे अक्षर जास्त बोलके आहे. तिथे P असेल तर ती व्यक्ती, F असेल तर भागीदारी संस्था, C असेल तर कंपनी. ग्राहक स्वतःचे नाव सांगतो आणि नंबरात सहावे अक्षर F आहे, असे झाले तर बिल संस्थेच्या नावाने व्हायला हवे, त्याच्या नावाने नव्हे.

त्यानंतर gst.gov.in या पोर्टलवर Search Taxpayer मध्ये तो नंबर टाका. लॉगिन लागत नाही. तिथे कायदेशीर नाव, व्यापारी नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि तो नियमित करदाता आहे की कंपोझिशनमध्ये, हे दिसते. दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा. १२ ऑगस्टला त्याची नोंदणी अस्तित्वात होती का, आणि त्या दिवशी माल खरोखर त्याच संस्थेसाठी गेला होता का. नोंदणीच सप्टेंबरात झाली असेल तर ऑगस्टच्या बिलावर तो नंबर घालता येणार नाही. आणि माल एकाने नेला व नंबर मेव्हण्याच्या संस्थेचा दिला, असे असेल तर सरळ नाही म्हणा. ज्याला माल दिलाच नाही त्याच्या नावाने बिल देणे हा दंडाचा विषय आहे, आणि तो दंड १०,००० रुपये किंवा गुंतलेल्या कराची रक्कम यांपैकी जी जास्त असेल तेवढा लागू शकतो. ‘आपलाच माणूस आहे, फक्त नाव बदला’ ही विनंती माझ्या अशिलांकडे दर मार्चला येते. त्या वेळी दुकानदाराला ग्राहक तुटेल याची भीती वाटते, पण बिलावर सही त्याची असते.

नवे बिल का नको, हेही स्पष्ट करतो. मालाचे बिल माल देण्यापूर्वी किंवा देतेवेळी करायचे असते. नोव्हेंबरच्या तारखेचे बिल म्हणजे ऑगस्टचा माल नोव्हेंबरात विकल्याचा दावा, आणि तो खोटा आहे. शिवाय जुलै ते सप्टेंबरच्या रिटर्नमध्ये किरकोळ विक्रीत हे २०,००० तुम्ही आधीच दाखवले आहेत आणि त्यावरचे ३,६०० भरले आहेत. नवे बिल आले की तेच ३,६०० पुन्हा भरावे लागतील. जुने बिल फाडून टाकले तर बिलबुकात क्रमांकाची पोकळी राहते ती वेगळीच. जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंत बिले काढली आणि त्यांतली किती रद्द केली, हे लिहावे लागते, आणि मे २०२५ पासून हा तक्ता रिकामा सोडता येत नाही.

काही जण जुन्या बिलाची क्रेडिट नोट काढून नवे बिल देण्याचा मार्ग सुचवतात. क्रेडिट नोट मूल्य किंवा कर जास्त लागला असेल, माल परत आला असेल किंवा मालात उणीव निघाली असेल तेव्हाच काढायची असते. वर सांगितलेल्या १५२ रुपये ५४ पैशांसाठी ती योग्य ठरली असती. इथे मूल्य, कर आणि माल तिन्ही बरोबर आहेत, चुकले आहे ते फक्त ग्राहकाचे नाव. त्यामुळे क्रेडिट नोटेला इथे जागा नाही.

आमच्या कार्यालयात अशा वेळी जे करतो ते असे. हाताने लिहिलेले बिल असेल तर ग्राहकाकडून मूळ प्रत मागवून घ्यायची, तिच्यावर आणि तुमच्या कार्बन प्रतीवर नाव, पत्ता व नंबर सारखेच लिहायचे आणि दोन्हीकडे दुरुस्तीची तारीख घालून सही करायची. बिलाची तारीख १२ ऑगस्टच राहते. संगणकावर बिल होत असेल तर तेच बिल उघडून ‘कॅश’च्या जागी पार्टी निवडायची. नवे बिल उघडायचे नाही, नाहीतर सॉफ्टवेअर आपोआप पुढचा क्रमांक देऊन टाकते.

मग रिटर्न. समजा बिलाचा क्रमांक SH/25-26/0417 आहे. हे बिल जीएसटीआर-१ च्या तक्ता ४ मध्ये, म्हणजे नोंदणीकृत ग्राहकांच्या विक्रीत, याच क्रमांकाने आणि १२ ऑगस्ट २०२५ याच तारखेने भरायचे. तारीख मागच्या तिमाहीतली असली तरी पोर्टल ती स्वीकारते. दुसरीकडे तक्ता १० मध्ये जुलै ते सप्टेंबरच्या किरकोळ विक्रीची दुरुस्ती करायची, आणि इथे फार जण चुकतात. त्या तक्त्यात फरक लिहायचा नसतो, दुरुस्तीनंतरचा संपूर्ण आकडा लिहायचा असतो. समजा त्या तिमाहीत १८ टक्क्यांच्या मालाची किरकोळ विक्री तुम्ही ६,४०,००० दाखवली होती, तर आता ६,२०,००० लिहायचे. एका दुकानदाराने स्वतःच रिटर्न भरताना इथे नुसते २०,००० लिहिले, आणि पोर्टलने त्याची आख्ख्या तिमाहीची किरकोळ विक्री वीस हजारांवर आणून ठेवली. पुढच्या तिमाहीत ते निस्तरताना आमचेच दोन दिवस गेले.

हे दोन्ही बदल एकाच तिमाहीत केले की एकीकडे २०,००० वाढतात आणि दुसरीकडे २०,००० कमी होतात. बरोबर झाले की नाही याची खूण सोपी आहे. डिसेंबर तिमाहीच्या जीएसटीआर-३बी मध्ये आपोआप भरून येणारी विक्री या बिलामुळे वाढलेली नसावी. ३,६०० कर जास्त दिसत असेल तर तक्ता १० राहिला असे समजा आणि ३बी दाखल करण्यापूर्वी थांबा.

वर्कशॉपवाला घाईत असेल तर त्याला जानेवारीपर्यंत ताटकळत ठेवण्याची गरज नाही. तिमाही भरणाऱ्यांना पहिल्या दोन महिन्यांची नोंदणीकृत ग्राहकांची बिले आयएफएफ या सुविधेतून पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत चढवता येतात. नोव्हेंबरच्या आयएफएफमध्ये १३ डिसेंबरपर्यंत हे बिल चढवले तर तो महिन्याला रिटर्न भरत असल्यास १४ डिसेंबरला तयार होणाऱ्या त्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये ते दिसते. आयएफएफमध्ये किरकोळ विक्रीची दुरुस्ती करता येत नाही, ती तिमाहीच्या जीएसटीआर-१ मध्येच करायची, म्हणून तक्ता १० ची आठवण डायरीत लिहून ठेवा. त्याला सांगा की २बी मध्ये बिल क्रमांक, तारीख आणि १,८००-१,८०० हे आकडे हातातल्या बिलाशी जुळवून पाहावेत. क्रेडिट त्याला कोणत्या वापरासाठी मिळते आणि कोणत्या नाही, हा मात्र त्याच्या सल्लागाराचा विषय आहे, तुम्ही त्याची हमी देऊ नका.

या सगळ्याला अंतिम मुदत आहे. २०२५-२६ या वर्षातल्या बिलाची अशी दुरुस्ती ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंतच करता येते, आणि त्याआधी तुम्ही वार्षिक रिटर्न भरले तर तेव्हाच ती वाट बंद होते. ग्राहकाचे क्रेडिटही त्याच सुमाराला बुडते. दोन वर्षांपूर्वीचे बिल घेऊन कोणी आला तर त्याला वाईट वाटले तरी नाही म्हणावे लागते.

बिल क्रमांकाबद्दल थोडे. तो जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असावा, त्यात अक्षरे, आकडे, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढेच चालते, आणि एका आर्थिक वर्षात तोच क्रमांक दोनदा येता कामा नये. लग्नसराईत भांडीबाजारातल्या एका दुकानात दोन काउंटर, दोन बिलबुके आणि दोन्हींत १ पासून क्रमांक असा प्रकार मी पाहिला आहे. ५७ क्रमांकाची दोन बिले दोन वेगळ्या नोंदणीकृत ग्राहकांना गेली होती, आणि पोर्टलने दुसरे घेतलेच नाही. दोन बुके हवी असतील तर एकाला A/ आणि दुसऱ्याला B/ लावा, दोन्ही मालिका सलग ठेवा आणि १ एप्रिलला नव्याने सुरू करा. चुकून खराब झालेले बिल फाडून फेकू नका, तिन्ही प्रतींवर ‘रद्द’ लिहून बुकातच राहू द्या.

नंबराचे पहिले दोन आकडे २७ नसतील तर हात आखडता घ्या. पेठ रस्त्याने वापी-सिल्वासाकडे माल जाणे नाशिकला नवे नाही. तुम्ही माल गुजरातच्या पार्टीच्या पत्त्यावर, म्हणजे २४ ने सुरू होणाऱ्या नंबरावर पाठवत असाल, तर बिलात केंद्र आणि राज्याचे नऊ-नऊ टक्के येत नाहीत, आयजीएसटी अठरा टक्के एकाच ओळीत येतो आणि माल कोणत्या राज्यात जातो ते बिलावर लिहावे लागते. सवयीने नऊ-नऊ लावून कर भरला गेला तर तो योग्य खात्यात पुन्हा भरून आधीचा परत मागावा लागतो. व्याज लागत नाही, पण परतावा हातात येईपर्यंत पैसा अडकतो.

तुमच्या शेजारचा दुकानदार कंपोझिशनमध्ये असेल तर यातले बरेचसे त्याला लागू नाही. तो टॅक्स इन्व्हॉइस देत नाही, बिल ऑफ सप्लाय देतो, त्यात कराची ओळ नसते, आणि आपण कंपोझिशनमध्ये असून ग्राहकाकडून कर घेण्यास पात्र नाही, हे माथ्यावर लिहावे लागते. त्याचे बिल पाहून तुमचे बिल बेतू नका.

यापुढे बिल लिहायला घेण्यापूर्वी ‘नंबर टाकायचा आहे का?’ हे काउंटरवरच्या मुलाने विचारायला हवे. दोनशे रुपयांच्या आतल्या विक्रीला, ग्राहक नोंदणीकृत नसेल आणि बिल मागत नसेल, तर वेगळे बिल लागत नाही, दिवसाअखेर त्या सगळ्यांचे एक एकत्रित बिल करावे लागते. तो एकत्रित आकडा लिहिण्याची सवय दुकान बंद करतानाच लावा, कारण दुसऱ्या दिवशी गल्ल्यातून तो काढता येत नाही.

दुरुस्त केलेल्या बिलाची तुमची प्रत आणि ग्राहकाने नंबर पाठवल्याचा संदेश एकत्र लावून ठेवा. २०२५-२६ च्या हिशेबाची कागदपत्रे वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून, म्हणजे ३१ डिसेंबर २०२६ पासून, ७२ महिने जपावी लागतात. तेव्हा हे बिलबुक ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत माळ्यावर असू द्या. कार्बनची अक्षरे तोवर पुसट होतात, म्हणून दुरुस्तीच्या पानाचा फोटोही काढून ठेवा.